कॅप डायवर बसते, तोंडात बसत नाही: अल्जिनेट की सिलिकॉन?

शमिका_ना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे, हे तिसरं वर्ष. गेल्या दोन महिन्यांत खालच्या पहिल्या दाढेच्या तीन कॅप लॅबला परत पाठवाव्या लागल्या. शेवटची केस सविस्तर सांगते, कारण तिन्हींची गोष्ट जवळपास सारखीच आहे.

पेशंट ५२ वर्षांच्या मावशी. ४६ नंबरच्या दाढेचं रूट कॅनल झालेलं, त्यावर मेटल-सिरॅमिक कॅप करायची होती. खालचं माप दोन टप्प्यांत घेतलं, आधी घट्ट पुटी आणि मग पातळ लाइट बॉडी. मटेरियल अडिशन सिलिकॉन, ट्रे नेहमीचा प्लास्टिकचा. वरच्या जबड्याचं माप अल्जिनेटने घेतलं आणि बाइट मेणाची. संध्याकाळी दोन्ही मापं कुरियरने नागपूरच्या लॅबला पाठवली. अल्जिनेटचं माप ओल्या कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं. लॅबवाले दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडेल ओततात.

कॅप आली तेव्हा डायवर, म्हणजे मापातून ओतलेल्या दाढेच्या प्रतिकृतीवर, अगदी छान बसत होती, कडेची मार्जिन सगळीकडे बंद. तोंडात मात्र अर्ध्या वाटेवर अडकली. प्रोब फिरवला तर चारही बाजूंनी फट लागत होती. आतून घासत घासत शेवटी खाली बसवली, तर बाइट एवढी हाय की वरून घासताना सिरॅमिक संपून धातू दिसायला लागला. मावशी दर वेळी एसटीने ४० किलोमीटर येतात आणि आता चौथ्यांदा यायच्या आहेत. मला त्यांच्यासमोर उभं राहायला जड जातंय.

लॅबवाले म्हणतात, "मॅडम, दोन्ही मापं अल्जिनेटने घ्या, सिलिकॉन वाया घालवू नका." माझ्या एक सीनियर म्हणतात, दोन्ही सिलिकॉनने घे. खर्चाचाही प्रश्न आहेच. नेमकं काय करू?

निखिल_दातार

सरळ उत्तर आहे: दोन्ही सिलिकॉनने. कॅप आणि ब्रिजसाठी अल्जिनेट हातात घ्यायचंच नाही. अल्जिनेटमध्ये पाणीच जास्त, ते सुकलं की माप आकसतं. सिलिकॉनला ती भानगड नाही. आठवडाभर ठेवा, कुरियर करा, हवं तेव्हा ओता. मी गेली पाच वर्षं वरचं-खालचं सगळं सिलिकॉनने घेतो. आणि दोन टप्प्यांचा खटाटोप सोडा, पुटी आणि लाइट बॉडी एकदमच घ्या.

लॅबकर_सांगली

मॅडम, मी बावीस वर्षं लॅबमध्ये आहे, सांगलीला. तुमच्या केसमध्ये दोन वेगळे दोष आहेत आणि ते तुम्ही एकाच प्रश्नात बांधलेत असं मला वाटतं. कॅप अडकते हा एक. बाइट हाय येते हा दुसरा. पहिला खालच्या मापाचा आहे. दुसरा बहुतेक वरच्या अल्जिनेटचा.

ओल्या कापसातलं अल्जिनेट रात्रभर प्रवास करून आलं की आम्हाला काय दिसतं ते सांगतो. पिशवी उघडली की तळाला पाणी साचलेलं. कापूस जिथे टेकला होता तिथे मापाने पाणी पिऊन घेतलेलं, तो भाग फुगलेला. कडा उघड्या राहिल्या तिथे उलट आकसलेलं. म्हणजे एकाच मापात एक बाजू मोठी, एक बाजू लहान. शिवाय मागच्या दाढांपाशी अल्जिनेट ट्रेपासून सुटून वर आलेलं असतं. ते बोटाने दाबून बसवून ओतणारे लोक आहेत, पण एकदा सुटलेलं माप जागेवर परत येत नाही.

अल्जिनेट वाईट नाही. ते प्रवासाला चालत नाही, एवढंच. दहा-पंधरा मिनिटांत तुमच्याच दवाखान्यात डेंटल स्टोन ओता आणि आम्हाला मॉडेल पाठवा. मी ज्या डॉक्टरांची कामं करतो त्यांच्यातले निम्मे तरी समोरच्या जबड्याचं माप अल्जिनेटनेच घेतात, आणि त्यांच्या कॅप बसतात.

निखिल डॉक्टर, आठवडाभर टिकतं ते फक्त अडिशन सिलिकॉन. कंडेन्सेशन सिलिकॉन सेट होताना अल्कोहोल तयार होतं, ते उडून जातं आणि तेवढं माप आकसतं. ते अर्ध्या-एक तासात ओतायला हवं. आमच्याकडे पार्सलवर नुसतं "सिलिकॉन" लिहिलेलं येतं आणि आम्हाला कळत नाही की कोणतं. ओळखायची खूण सोपी आहे. एका डब्यातल्या पुटीत ट्यूबमधून लाल किंवा निळी रेघ ओढून मिसळत असाल तर ते कंडेन्सेशन. दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांतून सारखे गोळे घेऊन मळत असाल तर अडिशन.

गौरी_पेंडसे

मी डॉक्टर नाही. आईची नवीन कवळी होतेय आणि डॉक्टरांनी माप त्या गुलाबी पिठासारख्या मटेरियलने घेतलं, म्हणजे अल्जिनेटच ना? वरचं वाचून भीती वाटली. मी त्यांना सिलिकॉनने परत घ्या म्हणू का? शिवाय आईला माप घेताना खूप मळमळलं.

आनंद_प्रोस्थो

गौरीताई, काळजी करू नका. हा प्रश्न एका दाढेच्या कॅपचा आहे, तुमच्या आईंचा वेगळा. कवळीचं पहिलं माप अल्जिनेटनेच घेण्याची पद्धत आहे. त्यावरून आईंच्या जबड्यापुरता खास ट्रे बनतो आणि मग दुसरं, अंतिम माप दुसऱ्या मटेरियलने घेतात. दुसरं माप होणार आहे का, एवढंच डॉक्टरांना विचारा. मळमळीसाठी पुढच्या वेळी खुर्ची सरळ ठेवायला सांगा, डोकं किंचित पुढे आणि श्वास नाकाने. ट्रेमध्ये मागच्या बाजूला माल कमी भरला तरी खूप फरक पडतो.

शमिका, लॅबकरांनी प्रश्न बरोबर फोडला. कॅप अडकण्याबद्दल मला तीन गोष्टी सांग. पुटीचं माप दाढ कापण्याआधी घेतलंस की नंतर? पुटी आणि दाढ यांच्यामध्ये काही ठेवलं होतंस का? पुटी मळताना हातात कोणते ग्लोव्हज होते?

शमिका_ना

सर, पुटी दाढ कापल्यानंतर. मध्ये काहीच ठेवलं नव्हतं. पुटी सेट झाली की बाहेर काढते, लाइट बॉडी भरते आणि तोच ट्रे परत दाबून बसवते. पुटी असिस्टंट मळते, लॅटेक्स ग्लोव्हज घालूनच. पुटी सेट होते पण कधीकधी वरून चिकट राहते. मला वाटायचं जुना माल असेल.

आनंद_प्रोस्थो

मग कॅप का अडकते ते बघू.

तू कापलेल्या दाढेवर पुटी दाबलीस. ती सेट झाली, म्हणजे पुटीत त्या दाढेचा अगदी तंतोतंत खळगा तयार झाला. आता त्यात लाइट बॉडी भरून तू ट्रे परत त्याच दाढेवर बसवतेस. लाइट बॉडीला जायला जागाच नाही. ती दाबली जाते आणि खळग्याच्या भिंती बाहेर ढकलते. पुटी रबरासारखी आहे, त्यामुळे तेवढा वेळ ती ताणलेली राहते आणि त्याच स्थितीत लाइट बॉडी सेट होते. ट्रे तोंडातून काढलास की दाब गेला, पुटी मूळ जागी परतते आणि खळगा आकसतो. त्यात ओतलेली डाय खऱ्या दाढेपेक्षा बारीक निघते. त्या डायवर बनवलेली कॅप डायवर सुरेख बसते आणि तोंडात चारही बाजूंनी अडकते. तू लिहिलंस तेच.

म्हणून दोन टप्प्यांत घ्यायचं असेल तर लाइट बॉडीला एक ते दोन मिलिमीटर जागा द्यावीच लागते. सगळ्यात चांगलं म्हणजे दाढ कापण्याआधीच पुटीचं माप घेऊन ठेवायचं. मग कापून जेवढी दाढ कमी झाली तेवढी जागा आपोआप मिळते. ते राहून गेलं तर पुटीवर पातळ पॉलिथिनचा तुकडा पसरून माप घे, सेट होण्याआधी ट्रे किंचित हलव आणि नंतर तो तुकडा काढून टाक. तिसरा मार्ग म्हणजे सेट झालेल्या पुटीत दाढेभोवतीचा भाग धारदार ब्लेडने खरवडून मोठा करायचा, दोन दाढांच्या मधले पडदे कापायचे आणि लाइट बॉडी बाहेर निघायला एक-दोन खाचा पाडायच्या. दुसऱ्यांदा बसवण्याआधी पुटी धुऊन पूर्ण कोरडी कर. लाळ राहिली तर लाइट बॉडी पुटीला चिकटत नाही आणि सालीसारखी निघून येते.

प्लास्टिकचा ट्रेही यात हातभार लावतो. पुटी इतकी घट्ट असते की दाबताना ट्रेच्या भिंती फाकतात आणि काढल्यावर परत जवळ येतात. ट्रे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बघ. भिंती हलत असतील तर तो ट्रे पुटीसाठी नको, धातूचा ताठ ट्रे घे.

ग्लोव्हजचं महत्त्वाचं आहे. अडिशन सिलिकॉन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर सेट होतं आणि लॅटेक्समधलं गंधक त्याला मारतं. चिकटपणा जुन्या मालाचा नव्हे, लॅटेक्सचा असणार. असिस्टंटला पुटी मळताना नायट्राइल किंवा विनाइल ग्लोव्हज दे. तुझं स्वतःचं बोटही लक्षात ठेव. लॅटेक्सच्या बोटाने कापलेली दाढ चाचपलीस किंवा हिरडी सरकवायची कॉर्ड हाताळलीस तर नेमकी मार्जिनवरची लाइट बॉडी ओली राहते. माप काढल्यावर मार्जिनपाशी चकाकणारा, बोटाला बुळबुळीत लागणारा पट्टा दिसला तर ते माप पाठवूच नकोस.

निखिल_दातार

कंडेन्सेशनबद्दल मी घाईत लिहिलं, लॅबकर बरोबर आहेत. माझ्या डोक्यात अडिशनच होतं. पण एकदम घ्या हे मी अजूनही म्हणेन. सरांनी सांगितलेला पुटी ताणली जाण्याचा दोष त्यात येतच नाही, कारण दोन्ही एकाच वेळी मऊ असतात.

लॅबकर_सांगली

तो दोष येत नाही, हे खरं. दुसरा येतो. पुटी जाड, लाइट बॉडी पातळ. पुटी लाइट बॉडीला दाढेवरून ढकलून देते आणि मार्जिन पुटीत उमटते. रंग वेगळे असतात म्हणून माप हातात घेताच दिसतं. मार्जिनच्या जागी लाइट बॉडीच्या रंगाऐवजी पुटीचा रंग असतो आणि तिथली रेघ बोथट. अशा मापावर मार्जिन कुठे संपते ते मी अंदाजाने खुणावतो. अंदाज चुकला तर कॅप आखूड.

दुसरं म्हणजे वेळ. एकटे डॉक्टर आधी लाइट बॉडी सोडतात, मग पुटी घेतात, तोवर उन्हाळ्यात लाइट बॉडी सेट व्हायला लागलेली असते. मग मापावर सुरकुत्या आणि घड्या येतात. दोघं जण असतील, एक मळतोय आणि दुसरा दाढेभोवती सोडतोय, तर एकदम घेतलेलं मापही उत्तम येतं. मी दोन्ही प्रकारची चांगली मापं पाहिली आहेत.

निखिल_दातार

पुटीऐवजी हेवी बॉडी घेतली तर ढकलणं कमी होतं. मी बऱ्याचदा तेच करतो. पण माझ्याकडे गन आहे आणि असिस्टंट सरावलेली आहे, हे मान्य.

आनंद_प्रोस्थो

यावर आम्ही कॉलेजातही वाद घालत आलो. शिकवणारा ज्या पद्धतीत तयार झाला तीच तो श्रेष्ठ म्हणतो, मीही त्यातलाच. शमिकाकडे हाताखाली एकच माणूस आहे, म्हणून मी तिला दोन टप्पे आणि जागा ठेवणं सुचवीन.

आता बाइट. शमिका, वरचं मॉडेल तुझ्याकडे परत आलं असेल तर दोन्ही मॉडेल मेणाशिवाय, नुसती हाताने एकमेकांवर बसव. मग मावशींच्या तोंडात ज्या उपदाढा घट्ट मिटतात त्यांच्यामध्ये मॉडेलवर पातळ कागदाची पट्टी घाल आणि ओढ. तोंडात पट्टी अडकते आणि मॉडेलवर सरकून निघते, तर मॉडेल पूर्ण मिटतच नाहीत. मग त्यांना कोण वर उचलून धरतंय ते दाढांच्या खाचांमध्ये शोध.

शमिका_ना

सर, केलं. मावशींच्या तोंडात उजव्या उपदाढांमध्ये पट्टी घट्ट धरली जाते. मॉडेलवर सहज निघून येते. वरच्या १६ नंबरच्या दाढेच्या खाचेत स्टोनचे दोन बारीक मणी आहेत, मोहरीएवढे. ते आधी कधी नजरेलाच पडले नव्हते. ब्लेडने काढले तर मॉडेल खाली बसली आणि पट्टी अडकली.

लॅबकर_सांगली

हेच. अल्जिनेट भरताना खाचेत हवेचा किंवा लाळेचा बुडबुडा अडकला, त्या खड्ड्यात स्टोन भरला आणि मणी झाला. मोहरीएवढा मणी दाढेत असला तरी मॉडेल तेवढी उघडी राहतात. आम्ही त्या उघड्या बाइटवर कॅप उंच बांधतो. तुमच्या लॅबने मॉडेल मिटवण्याआधी मणी बघायला हवे होते, हेही सांगतो. माझ्याकडून सुरुवातीला हेच व्हायचं.

आनंद_प्रोस्थो

उपाय अगदी साधा आहे. ट्रे तोंडात नेण्याआधी दाढा कापसाने टिपून घे आणि थोडं अल्जिनेट बोटावर घेऊन खाचांमध्ये चोळ. मग ट्रे बसव.

राहिलेल्या गोष्टी अशा. पावडरीचा डबा उघडण्याआधी हलवून पावडर मोकळी कर, नाहीतर चमच्यात कधी दाबलेली, कधी भुसभुशीत येते. बाउलमध्ये पाणी आधी, पावडर नंतर. मिनिटभर बाउलच्या भिंतीला घासून जोरात घोट. नुसतं ढवळलंस तर दाणे राहतात. सेट झाल्यासारखं वाटलं तरी अजून दोन-तीन मिनिटं थांब, कारण त्या वेळात ते मजबूत होतं. काढताना एका झटक्यात, सरळ. हळूहळू हलवत काढलं की ते ताणतं आणि पूर्वपदावर येत नाही. मग धुऊन, निर्जंतुक करून लगेच ओत. ट्रेच्या मागे लोंबणारा भाग टेबलावर टेकू देऊ नकोस, वजनाने तो वाकतो. स्टोन तासाभरात मापातून वेगळा कर. रात्रभर आत राहिला तर पृष्ठभाग खडूसारखा होतो.

चंद्रपूर_४८

माझा प्रश्न यातच घालतो. आमच्याकडे मे महिन्यात अल्जिनेट बाउलमध्येच घट्ट होतं, ट्रे भरेपर्यंत हातात गोळा. म्हणून मी पाणी थोडं जास्त घालून पातळ करतो. तरी माप फाटतं. बोअरचं पाणी वापरतो, त्याचा दोष असेल का?

आनंद_प्रोस्थो

फाटतंय ते जास्त पाण्यामुळे. पातळ केलं की जाळं विरळ होतं आणि ताकद जाते. पावडर-पाण्याचं प्रमाण कंपनीने दिलंय तेच ठेवा, वेळ बदला तो पाण्याच्या तापमानाने. टाकीचं पाणी मे महिन्यात किती तापतं ते तुम्ही जाणताच. २० अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, माठातलं किंवा फ्रिजमधलं मिसळून. बाउल आणि स्पॅट्युलाही थंड पाण्यात ठेवा. जड पाण्यातल्या क्षारांनी सेट होण्याची वेळ बदलू शकते, म्हणून एकदा डिस्टिल्ड पाण्याने करून बघा. दोन्ही एकाच दिवशी केलीत तरच फरक कळेल.

शमिका_ना

तीन आठवड्यांनी लिहितेय. मावशींचं माप परत घेतलं. आधी पॉलिथिन घालून पुटी घेतली, नायट्राइल ग्लोव्हज, धातूचा ट्रे. कॉर्डवरचं रक्त थांबवायचं द्रव नीट धुऊन टाकलं आणि दाढ वाळवली. वरचं अल्जिनेट बोटाने चोळून घेतलं आणि बारा मिनिटांत ओतलं. लॅबला सिलिकॉनचं माप आणि वरचं मॉडेल पाठवलं. लॅबवाल्यांना सांगितलं की ओतण्याआधी तासभर थांबा, अडिशनमधून हायड्रोजन निघाला तर डायवर बारीक छिद्रं पडतात हे मला आठवलं. ते म्हणाले, कुरियरमध्येच रात्र गेली.

कॅप काल बसवली. मार्जिन बंद आहे, बाइटला अगदी थोडं घासावं लागलं. पण ४७ नंबरच्या बाजूचा कॉन्टॅक्ट फार घट्ट होता, फ्लॉस जातच नव्हता, तो तीनदा पॉलिश करावा लागला. मापात काही राहिलं असेल की लॅबने सिरॅमिक जास्त लावलं?

लॅबकर_सांगली

मॅडम, कॅप आता डायवर परत बसवून बघता येणार नाही. पुढच्या वेळी तोंडात बसवण्याआधी मॉडेलवर फ्लॉस घालून बघा. मॉडेलवर सहज गेला आणि तोंडात अडकला तर मापाकडे किंवा आमच्या मॉडेलकडे बघायचं. मॉडेल कापून डाय वेगळी करतो तेव्हा ती पिनवर किंचित फिरली, तरी कॉन्टॅक्ट बदलतो. मॉडेलवरच अडकला तर लॅबला फोन करा. आणि दाढ कापून दोन आठवडे तात्पुरती कॅप नसेल तर शेजारची दाढ सरकते. मावशींना तात्पुरती कॅप होती का?

शमिका_ना

पहिले आठ दिवस होती. नंतर निघाली, आणि एवढ्या लांबून परत यायला त्यांना जमलं नाही.